मदत हवी आहे: मुख्याध्यापिका बाईंना निरोपाचं पत्र

रानजाई
नवऱ्याची बदली झाली आहे. वार्षिक परीक्षा संपली की आम्ही दुसऱ्या शहरात जाणार. लेक चौथीत आहे, बालवाडीपासून याच शाळेत. दाखल्याचा अर्ज वेगळा दिला आहे, प्रश्न त्याचा नाही. बाईंना मनापासून आभाराचं पत्र द्यायचं आहे, पण लिहायला बसलं की हे असं उतरतं:

"आपल्या शाळेने माझ्या पाल्याच्या सर्वांगीण विकासासाठी जे अनमोल योगदान दिले, त्याबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी राहू."

यात कुणाच्याही पाल्याचं नाव घाला, चालून जाईल. खरी गोष्ट अशी की लेक दुसरीपर्यंत वर्गात तोंड उघडत नसे. घरी अखंड बडबड, शाळेत चिडीचूप. वर्गबाईंनी हजेरीला 'हजर' म्हणायची सक्ती केली नाही, हात वर केला तरी मांडला. पुढे मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात एका मैत्रिणीसमोर वाचायला बसवलं. तोंडी परीक्षा वेगळ्या खोलीत घ्यायला मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली. हे पत्रात कसं आणू? आणि शिपाई मावशींचं नाव घ्यावं का?

चौकट_राजा
पत्राला नमुना असतो. प्रति, विषय, महोदया, शेवटी आपली विश्वासू. भावना एका ओळीत. मुख्याध्यापकांना लांबण वाचायला वेळ नसतो.

दिगंबर_७१
दाखला घेताना जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. आमच्या पुतण्याच्या दाखल्यात आईचं नाव चुकलं होतं, दुरुस्तीला फार हेलपाटे पडले.

रानजाई
काका, तपासते. पण प्रश्न पत्राचा आहे :)

खडूची_धूळ
मी बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते. चौकट_राजा म्हणतात त्यातलं एक बरोबर: लेकीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी सुरुवातीलाच हवी. पण भावना एका ओळीत हे काही पटलं नाही. तशी पत्रं मी वाचून लगेच बाजूला ठेवत असे.

मूल शाळा सोडतंय म्हटलं की आम्ही आधी कारण शोधतो. काही तक्रार तर नाही ना? म्हणून बदलीचं पहिल्याच वाक्यात सांगून टाका, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने वाचलं जातं.

मग एकच प्रसंग. तुमच्याकडे तो आहेच. फक्त कुणी काय केलं ते वेगळं ठेवा. हजेरीचं श्रेय वर्गबाईंचं, परवानगीचं मुख्याध्यापिकांचं. वर्गात काय चालतं ते मुख्याध्यापिकेला बरेचदा माहीतच नसतं. मी अशी पत्रं संबंधित शिक्षिकेला दाखवून तिच्या फाइलला लावत असे. म्हणून वर्गबाईंचं नाव पूर्ण लिहा. मी असं लिहीन:

"यजमानांच्या बदलीमुळे आम्ही गाव सोडत आहोत, म्हणून लेकीची शाळा बदलावी लागत आहे. दुसरीपर्यंत ती वर्गात बोलत नसे. वर्गबाईंनी तिचा वर केलेला हात हजेरी म्हणून मांडला. तोंडी परीक्षा वेगळ्या खोलीत घेण्यास आपण परवानगी दिलीत, त्यामुळे तिला काय येतं ते प्रथमच कळलं. यंदा ती वर्गासमोर कविता म्हणाली. या दोन वर्षांबद्दल आपले आणि वर्गबाईंचे आभार."

कवितेचं मी अंदाजाने घातलं. तुमच्याकडे जे खरं घडलं असेल तेच लिहा.

रानजाई
कविता नाही, परिपाठाला बातम्या वाचल्या. अगदी हळू आवाजात, पण वाचल्या.

खडूची_धूळ
मग 'हळू आवाजात'सुद्धा राहू द्या.

निळी_शाई
एक शंका. अशी पत्रं कधी परिपाठात वाचून दाखवतात किंवा फलकावर लावतात. सगळ्यांसमोर 'ही बोलत नसे' हे लेकीला चालेल का? मैत्रिणीचं नावही तिच्या आईला विचारल्याशिवाय नको.

रानजाई
हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच विचारलं. म्हणाली, "बोलत नव्हते ते लिही, रडायचे ते नको." मैत्रिणीचं नाव गाळते.

सरळसोट
आमचं शेवटच्या वर्षी शाळेशी फीवरून बिनसलं. आता मुलगा दुसरीकडे चाललाय. आभाराच्या पत्रातच ते सुनवावं का?

खडूची_धूळ
दोन्ही एका कागदावर आणलंत तर आभार खोटे वाटतील आणि तक्रारीचं उत्तरही मिळणार नाही. तक्रार वेगळी, तारखेनिशी द्या.

सरळसोट
मग आभार राहू देत.

चौकट_राजा
मावशींचं नाव मुख्याध्यापिकांच्या पत्रात शोभत नाही. त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगा.

निळी_शाई
का शोभत नाही? भेटून सांगितलेलं बाईंपर्यंत पोचणार कसं?

खडूची_धूळ
मावशींनी लेकीसाठी नेमकं काय केलं ते सांगता आलं तर नाव घाला. नुसतं 'मावशींचेही आभार' नको.

रानजाई
रोज फाटकाशी थांबून दप्तर धरायच्या. ती आत जायला तयार होईपर्यंत घंटा झाली तरी हलायच्या नाहीत. पण घंटेनंतर फाटकाशी थांबल्या हे लिहून त्यांनाच बोलणी बसली तर? पत्र शनिवारी द्यायचं आहे. कुणी शाळेत काम करत असेल तर एवढं सांगा.