मदत हवी आहे: ट्रंकेतलं फिकट पोस्टकार्ड, आप्पांचं भाषांतर आणि अडकलेली कथा

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. एक कथा लिहितेय, साधीच आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात एका म्हाताऱ्याला माळ्यावरच्या ट्रंकेत परदेशातून आलेलं पोस्टकार्ड सापडतं आणि तो ते मराठीत उतरवायला बसतो. कथा काल्पनिक असली तरी कार्ड खरं आहे, आमच्या चुलत सासऱ्यांकडे म्हणजे आप्पांकडे. कार्ड त्यांच्या चुलत्याचं, तात्यांचं, लढाईत गेले ते परत आलेच नाहीत. आप्पा पंच्याऐंशीचे आहेत, सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली त्यामुळे कागद, छपाई, तिकीट यावर आम्हाला बोलूच देत नाहीत. त्यांच्या मते कार्डावरचं तिकीट कोणीतरी चोरलंय.

कार्डाची अवस्था अशी की वरती छापलेलं काहीतरी इटालियन आहे, मजकूर पेन्सिलीचा, इंग्रजी अक्षरात, अर्धा पुसलेला आणि मधोमध मोठा जांभळा डाग. आप्पा भिंग घेऊन रोज दुपारी बसतात आणि वहीत लिहितात. आत्तापर्यंत त्यांना मेन, इज, टू, द, डू असे इंग्रजी शब्द लागलेत, एका ओळीत "माल्टा" आहे आणि शिक्क्यात २१ तारीख आहे. यावरून तात्या माल्टा बेटावर होते, तिथे बरीच माणसं होती आणि काहीतरी करायला सांगितलं होतं असं त्यांचं भाषांतर तयार आहे. मी कथा त्यावरच रचली, माल्टाची बोट वगैरे. पण वाक्य एकही नीट लागत नाही, सगळे सुटे शब्द. हे नक्की कुठल्या भाषेत आहे? फोटो टाकलेत, नाव-पत्ता झाकून.

विजयराज_नाशिक:
ताई, इटालियनचं सर्टिफाइड भाषांतर पाहिजे असेल तर ते मुंबईत करून मिळतं, माझ्या मुलीच्या व्हिसाच्या वेळी केलं होतं, पानाप्रमाणे पैसे घेतात. ओरिजिनल देऊ नका, झेरॉक्स चालते. आणि कार्ड आधी लॅमिनेट करून घ्या म्हणजे अजून खराब होणार नाही.

जुनं_टपाल:
लॅमिनेट अजिबात करू नका!! ते परत निघत नाही आणि उष्णतेने उरलंसुरलंही जाईल.

आता कार्डाबद्दल. हे युद्धकैद्याचं कार्ड आहे. वरती छापलंय ते "प्रिजोनिएरो दि गुएर्रा", म्हणजे युद्धकैदी. आप्पांना सांगा तिकीट चोरीला गेलेलं नाही, ते कधी नव्हतंच. १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्यांचं टपाल फुकट जायचं. त्यांनी प्रेसमध्ये जन्म काढलाय तर तिकिटाच्या जागी डिंकाचा माग दिसतोय का ते त्यांनाच बघायला लावा.

शिक्क्यातलं २१ पण तारीख नाहीये. तुमच्या तिसऱ्या फोटोत ते रोमन आकड्यात आहे, एक्स-एक्स-आय. मुसोलिनीच्या काळात इटलीत फॅसिस्ट सनाचं वर्ष वेगळं लिहायचे, ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेलं, वर्ष ऑक्टोबरअखेरीला बदलायचं. एकविसावं वर्ष २९ ऑक्टोबर १९४२ ला सुरू होतं, आणि २५ जुलै १९४३ ला मुसोलिनीच पडला. म्हणजे कार्ड या नऊ महिन्यांच्या आतलं. माल्टा तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात होतं, इटलीचा कैदी तिथे असायचं कारण नाही.

निवृत्त_सुभेदार:
पत्त्याच्या बाजूला पाठवणाऱ्याच्या नावापुढे २/५ एम.एल.आय. दिसतंय मला. मराठा लाइट इन्फंट्री, पाचवी रेजिमेंट, दुसरी बटालियन. ही पलटण उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला होती, २१ जून १९४२ ला तिथली सगळी फौज जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागली. तिथून इटलीला नेले. आणि मजकूर इंग्रजी नाही हो, रोमन हिंदुस्तानी आहे! फौजेत जवानाला शिकवायचे तेच रोमन अक्षरातली उर्दू, आमच्या वेळेपर्यंत जुन्या लोकांना ती येत होती. अक्षर इंग्रजी, भाषा आपली. नंतर हे सगळे कैदी जर्मनीला नेताजींच्या फौजेत सामील झाले, तेव्हा तात्या तिकडेच गेले असणार.

जुनं_टपाल:
सुभेदारसाहेब, पलटण आणि भाषा दोन्ही बरोबर, मानलं तुम्हाला. पण "सगळे" नाही. नेताजींच्या तिथल्या लीजनमध्ये काही हजारच माणसं होती आणि बरेच कैदी गेलेच नाहीत. हिंदी शिपायांचा मोठा कॅम्प रोमच्या पूर्वेला अवेझानोला होता, नंबर ९१. ताईंच्या कार्डावर पी.जी., म्हणजे वरच्याच युद्धकैदी शब्दांची आद्याक्षरं, त्यानंतरचा कॅम्प नंबराचा पहिला आकडा ९ सारखा दिसतोय, दुसरा गेलाय. मी पैज लावणार नाही.

गोदाकाठची:
एक मिनिट, एक मिनिट. म्हणजे एम-ई-एन हे "में" आहे??

निवृत्त_सुभेदार:
होय. रोमनमध्ये "में" असंच लिहायचे. टी-एच-ई म्हणजे "थे". आय-एस म्हणजे "इस". टी-ओ म्हणजे "तो", डी-ओ म्हणजे "दो". तुमच्या आप्पांना जेवढे शब्द लागले ते सगळे इंग्रजीसारखे दिसणारेच लागले, कारण डोळे तेच शोधत होते. बाकीचे त्यांनी पुसलेले समजून सोडले असणार. पहिली ओळ मी न बघता सांगतो, "मैं खैरियत से हूँ", सुरुवात त्यानेच व्हायची.

शशी७२:
आमच्याकडे पण खापरपणजोबांची मोडीतली बाडं आहेत, तीन गाठोडी, वाळवी लागलीये. कुणी वाचून देईल का? सिन्नरची वतनाची कागदपत्रं आहेत असं वडील म्हणायचे.

खिडकीतला_प्रकाश:
शशी, वेगळा धागा काढा, मोडी वाचणारे इथे आहेत.

गोदाकाठची, जांभळ्या डागाबद्दल. ही साधी पेन्सिल नाही, कॉपिंग पेन्सिल आहे. शिसाबरोबर जांभळा रंग असतो त्यात, कोरडी असताना राखाडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. तुमची ट्रंक कधी भिजली होती का? त्या भागातला मजकूर पुसलेला नाहीये, पसरलाय, हा फरक महत्त्वाचा आहे. ओल्या बोळ्याने वगैरे चुकूनही पुसू नका, आहे तेवढंही जाईल.

दोन गोष्टी करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कार्डाच्या अगदी लगत आडवा धरा, जवळजवळ टेबलाला टेकवून, आणि वरून फोटो घ्या. ही पेन्सिल कडक असते, दाबून लिहिलेलं असलं तर कागदावर चर पडलेले असतात आणि त्यांच्या सावल्या दिसतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा, आडव्या रेघा एका दिशेने दिसतात, उभ्या दुसऱ्या. दुसरं म्हणजे दिवसाउजेडी घेतलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना हिरवा फिल्टर लावा. जांभळा रंग हिरव्यात काळा दिसतो, फिकट अक्षरं वर येतात. निळा फिल्टर लावू नका, त्यात पिवळा पडलेला कागदच काळा होतो.

पण एवढं करून घड्या पडल्यात तिथला मजकूर मिळणार नाही, तिथे कागदाचा वरचा थरच गेलेला दिसतोय.

गोदाकाठची:
ट्रंक भिजली होती, १९६९ च्या गोदेच्या पुरात! तेव्हा ती तळमजल्यावर होती, आप्पांनीच सांगितलं. माळ्यावर नंतर गेली.

रात्री टॉर्चचा प्रकार केला. आप्पा शर्टाच्या बाह्या वर करून सूचना देत होते, "खाली घे, अजून खाली", प्रेसमध्ये कागदाचा दोष असाच बघायचे म्हणाले. जे लागलं ते देवनागरीत लिहिते:

"मैं खैरियत से हूँ, आप सब की खैरियत चाहता हूँ. रेड क्रॉस का पारसल दो दफा मिला. फैमिली अलाटमेंट घर में मिलता है या नहीं लिखना. धौला बैल मत बेचो. ... पहले ... में थे, अब हम लोग ... को जाते हैं." पुढची ओळ घडीत गेलीये. आणि "मिलता" म्हणजेच आप्पांचं माल्टा! एम नंतरचा आय वाकडा आहे, ए सारखा दिसतो.

आप्पा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले अलॉटमेंट, म्हणजे पगारातला घरचा हिस्सा, येत होती, मनिऑर्डरने, आजी पोस्टमनला चहा द्यायची. बैल मात्र विकला होता.

आता माझा कथेचा प्रश्न. सगळ्यात खाली सही आहे ती देवनागरीत, थरथरत्या हाताची, वरच्या अक्षराशी जुळत नाही. तात्या निफाडकडचे शेतकरी, घरात कोणी हिंदी बोलायचं नाही. मग "खैरियत चाहता हूँ" कोणाचं? आप्पांनी कथेत भाषांतर करताना ते कसं करावं?

निवृत्त_सुभेदार:
मजकूर दुसऱ्याने लिहिलाय. कंपनीत ज्याला रोमन यायचं तो बाकीच्यांची पत्रं लिहून द्यायचा. तात्या मराठीत सांगणार, तो हिंदुस्तानीत लिहिणार. "खैरियत" वाली ओळ लिहिणाऱ्याची, सगळ्यांच्या पत्रात तीच. बैल तात्यांचा.

जुनं_टपाल:
आणि लिहिणाऱ्याला जागा ठरलेली, शिवाय सेन्सॉर वाचणार हे माहीत. त्यामुळे तात्यांनी चार वाक्यं सांगितली असतील तर एक उतरलं असेल. कथेत पहिली ओळ पत्राच्या ठरावीक मायन्यासारखी, "आम्ही येथे खुशाल आहोत" अशी करा, आणि "ढवळा इकू नका" तिथे आप्पांना गावचं बोलू द्या. एकाच सुरात सगळं केलं तर दोन माणसं दिसणार नाहीत.

मनमाडकर_मी:
माझं मत वेगळं आहे. कार्डावर आहे तेच करावं, म्हातारा स्वतःच्या मनाने गावरान बोली घालतोय म्हणजे तो पुन्हा माल्टाच करतोय की. सही त्यांची आहे म्हणजे वाचून दाखवल्यावर त्यांनी ते मान्य केलेलं आहे.

गोदाकाठची:
मनमाडकर, हा मुद्दा डोक्यात बसलाय. कथेत आप्पा दोन्ही लिहितील, वहीच्या डाव्या पानावर एक, उजव्यावर एक, आणि नातसुनेशी भांडतील. कुठलं खरं ते मी ठरवत नाही सध्या.

"को जाते हैं" च्या आधीच्या शब्दाचं कोणाला काही वाटतंय का? टॉर्चमध्ये फक्त पहिलं अक्षर दिसतंय, ए किंवा ओ, आणि शेवटी बहुतेक ओ.

जुनं_टपाल:
अवेझानो ए ने सुरू होतं आणि ओ ने संपतं. पण कॅम्प नंबर तोच असेल तर ते आधीच तिथे होते, मग "को जाते हैं" कशाला? म्हणजे एकतर दुसरा आकडा १ नाही, किंवा गाव दुसरं आहे, किंवा कॅम्पमधून कामाला बाहेर नेत होते. शिवाय गावाचं नाव सेन्सॉर सहसा राहू देत नाही, कदाचित गावच नसेल. नंबरचा दुसरा आकडा आडव्या उजेडात डावीकडून बघा.

निवृत्त_सुभेदार:
तात्यांचं पुढे काय झालं ते हवं असेल तर बेळगावच्या मराठा सेंटरला पत्र टाका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेलं तर बरं. शिपाई नंबर कार्डावर पाठवणाऱ्याच्या नावाआधी असतो, तो पहिल्या ओळीत लिहा. नुसत्या नावावर शोधायला लावू नका, एकाच तालुक्यातले त्याच नावाचे चार निघतात.

गोदाकाठची:
नंबरचे पहिले तीन आकडे स्पष्ट आहेत, चौथा ३ किंवा ८, पाचवा स्पष्ट. दोन्ही लिहून पाठवते. आप्पा म्हणतात ८ आहे, पण त्यांचं आत्ता मी पटकन ऐकत नाहीये.