मदत हवी आहे: चढावर इंजिनच्या खालून ठोका येतो. रॉड बेअरिंग की पिस्टन स्लॅप?

घाटवाट: चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन आहे. सकाळी गार असताना आवाज जवळपास नसतो. वीसेक मिनिटं चालवून चढाला लागलो की २००० आरपीएमच्या आसपास खालून जाड ठक-ठक सुरू होते. जितका लोड, तितका ठोका मोठा. गरम इंजिन आयडलला असताना ऑईलचा दिवा मधूनच लुकलुकतो. २ नंबरची कॉईल काढली की ठोका जवळजवळ थांबतो. काय धरू?

स्पॅनर१४: कॉईल काढल्यावर थांबला ना? मग रॉड बेअरिंगच. शेल बदला, विषय संपला.

क्रँककेस: कॉईल काढून सिलेंडर कळतो, दुखणं कळत नाही. ज्वलनाचा धक्का गेला की पिस्टनचं भिंतीवर आपटणंही कमी होतं, त्यामुळे स्लॅपसुद्धा दबतो. (हे करताना त्या सिलेंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टरही काढा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.)

खरा फरक तापमानात दिसतो. पिस्टन तापला की फुगतो, भिंतीशी असलेली फट कमी होते. म्हणून स्लॅप गार इंजिनला मोठा आणि नंतर मंद. बेअरिंगचं उलटं: तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या फटीत त्याचा थर टिकत नाही. तुमचा आवाज तापल्यावर वाढतोय, त्यात दिवाही लुकलुकतोय. माझा कौल बेअरिंगकडे. आता गाडी चढावर नेऊ नका. प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनचं प्रेशर मोजा. ऑईल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडा.

डिझेलवाला: माझाही ठोका असाच होता, इंजेक्टर निघाला. आधी इंजेक्टर बघा.

क्रँककेस: तुमचं डिझेल आहे, तिथे तो संशय रास्त. इथे पेट्रोल आहे, शिवाय ऑईलचा दिवा त्यात बसत नाही.

घाटवाट: फिल्टर कापला. घड्यांत चंदेरी चकाकते कण आहेत, चुंबकाला चिकटत नाहीत. जाड तेल घालून काही दिवस काढता येतील का?

क्रँककेस: जाड तेलाने आवाज दबेल, फट तशीच राहील. चंदेरी कणांवरून मात्र निकाल लागत नाही. पिस्टनचा स्कर्टही ॲल्युमिनियमचा असतो आणि बरेच शेलही. तांबूस कण असते तर मी ठाम बोललो असतो.

चेंबर उतरवा आणि २ नंबरची कॅप खोला. जर्नल पुसून प्लास्टिगेजची पट्टी ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका. परत खोलून चपटलेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या पट्ट्यांशी लावा. चांगल्या बेअरिंगला फट बहुधा ०.०२ ते ०.०५ मिमी असते. मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलीच धरा.

स्पॅनर१४: म्हणजे खालूनच नवे शेल टाकून भागेल?

क्रँककेस: जर्नलवर नख फिरवा. ओरखड्यात अडकलं, तर नवे शेलही लवकरच जातील. नख गुळगुळीत गेलं तरी मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा, कारण ठोका खाल्लेला जर्नल अंडाकृती होतो आणि ते बोटाला कळत नाही. क्रँक ग्राइंड करायचा की नाही, हे त्या मापावर. आकडे इथे टाका.

घाटवाट: चेंबर उद्या उतरवतो. गेज आज लावलं, गरम आयडलला ६ पीएसआय.