मदत हवी आहे: मैत्रिणीचा कुत्रा गेला, तिला काय लिहू?

अबोली_साखळी
तातडीने मदत हवी आहे. मैत्रिणीचा बंड्या काल गेला. कालपासून चार वेळा मेसेज लिहून पुसला. "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं तर ग्रुपवर ढकललेल्या फॉरवर्डसारखं वाटतं. काहीच न लिहिणं तर त्याहून वाईट. रात्रीपर्यंत पाठवायचाच आहे. दोन-तीन ओळी सुचवा.

माडाची_सावली
कुत्रा किती वर्षांचा होता, कशाने गेला? मैत्रीण एकटी राहते का? हे कळल्याशिवाय कोण काय सुचवणार?

भाटकार६२
सरळ लिही: "सुटला बिचारा, देवाने त्याचे हाल थांबवले." आमच्या वाड्यावर सगळे हेच म्हणतात. खोटंही नाही ते.

कुळागर
पावसाचे दिवस आहेत म्हणून आधी एक सांगतो. पुरलं असेल तर खड्डा किमान तीन फूट खोल हवा आणि विहिरीपासून लांब. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात वाड्यावरच्या कुत्र्यांनी उकरून काढलं होतं. घरच्यांनी ते बघितलं, फार वाईट झालं.

अबोली_साखळी
@कुळागर, पुरण्याचं विचारलं नाही हो, ते तिच्या भावाने बागेत केलंय.
@माडाची_सावली, अकरा वर्षांचा होता. किडनी गेली होती, तीन आठवडे सलाईन चालू होतं. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवला. ती आणि तिची आई, दोघीच राहतात. शाळेत शिक्षिका आहे, आज शाळेतही गेली.

शुभदा_फोंडा
अगं, झोपवला हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतंस, सगळा मजकूर त्यानेच बदलतो. मी नऊ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. म्हातारपणाने आपोआप गेलेल्या जनावराचं दुःख वेगळं असतं. इंजेक्शनवाल्या घरात दुःखाबरोबर "मी मारलं का?" हा प्रश्न येतो. ती तुझ्याशी यातलं काही बोलली का?

अबोली_साखळी
हो. सकाळी एकच ओळ आली: "मी सही केली गं त्याच्यावर." मी काहीच उत्तर दिलं नाही, भीतीच वाटली.

शुभदा_फोंडा
मग उत्तर त्या ओळीलाच दे. बंड्याविषयी छान-छान लिहून सहीबद्दल गप्प राहिलीस तर तिला वाटेल की तुलाही ते चुकलेलं वाटतंय.
आणि @भाटकार६२, "सुटला" हे अर्धं बरोबर आहे. किडनीच्या शेवटच्या दिवसांत उलट्या होतात, तोंडात फोड येतात, पाणीसुद्धा पोटात राहत नाही. हाल खरेच असतात. पण तो शब्द तिने आधी उच्चारला तरच आपण उच्चारायचा. आपण आधी म्हटलं की "आता रडायचं कारण काय?" असाच अर्थ निघतो.

भाटकार६२
माझे वडील गेले तेव्हा लोकांनी हेच म्हटलं होतं आणि मला त्यातून आधार मिळाला होता. शब्दांना इतकं घाबरायचं कशाला?

माडाची_सावली
काका, वडील आजारपणात आपणहून गेले. तुम्हाला कुठे सही करावी लागली नव्हती.

भाटकार६२
हे मात्र खरं. तरी मी "सुटला" पूर्ण सोडणार नाही.

रानमोगरा
माझी मांजरी पार्व्होने गेली तेव्हा ऑफिसात एकाने विचारलं, "ऑफ झाली का?" तो शब्द अजून कानात आहे. दुसरा म्हणाला, "दुसरं आण, तेवढंच मन रमेल." तिचं ताट अजून धुतलेलंही नव्हतं. मी इतकंच सांगेन की "मेला" लिहू नकोस, "गेला" लिही. आणि बंड्याला "ते" म्हणू नकोस. ती "तो" म्हणत असेल तर तूही "तो"च लिही. आमची आजी सुण्याला "घरचो मनीस" म्हणायची.

अबोली_साखळी
हा मसुदा बघा:
"बंड्या गेल्याचं कळलं. खूप वाईट वाटतंय. तू त्याच्यासाठी सगळं केलंस, शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतीस. योग्यच केलंस. काही लागलं तर सांग."

शुभदा_फोंडा
थांब, पाठवू नकोस. "शेवटपर्यंत जवळ होतीस" हे तुला नक्की माहीत आहे का? आमच्याकडे कितीतरी लोक दुसऱ्या इंजेक्शनच्या आधी बाहेर जातात, बघवत नाही त्यांना. तीही बाहेर गेली असेल तर हे वाक्य तिच्या जखमेवर मीठ होईल. तिच्या आईला विचार.

अबोली_साखळी
बापरे. आईला फोन केला. ती खरंच बाहेर गेली होती. पहिल्या इंजेक्शनने त्याला झोप लागेपर्यंत त्याचं डोकं हिच्या मांडीवर होतं, मग उठून व्हरांड्यात गेली. आई म्हणाली, कालपासून तेच घोकत बसलीय.

शुभदा_फोंडा
बघ, इथेच खरं सांगण्यासारखं काहीतरी सापडलं. पहिलं इंजेक्शन झोपेचं असतं. एकदा गाढ झोप लागली की पुढचं जनावराला कळत नाही. म्हणजे बंड्याला शेवटी जे जाणवलं ती तिची मांडी होती. हे खोटं सांत्वन नाही, दवाखान्यात मी रोज बघते. पण "बाहेर गेलीस तरी चालतं" असं लिहू नकोस. ती बाहेर गेल्याचं तुला कळलंय हेही तिला आत्ता कळायला नको. मांडीबद्दल लिही, आणि आईकडून कळलं म्हण.

रानमोगरा
"काही लागलं तर सांग" काढून टाक. अशा वेळी माणूस सांगत नाही. कधी येणार आणि काय घेऊन येणार ते लिही.

माडाची_सावली
मला "योग्यच केलंस" खटकतं. तू डॉक्टर नाहीस. आणि तिला आधीच वाटत असेल की दुखणं लवकर ओळखायला हवं होतं.

शुभदा_फोंडा
त्याचंही कारण आहे. किडनीचा साधारण तीन चतुर्थांश भाग निकामी झाल्याशिवाय नेहमीच्या रक्ततपासणीत फारसं दिसत नाही, कुत्रा तोवर नीट खातपीत असतो. पण हे पहिल्या मेसेजमध्ये नको. तिने "आधी कळायला हवं होतं" म्हटलं तर तेव्हा सांग. "योग्यच केलंस"ऐवजी सहीमागे काय होतं ते लिही, ते तू स्वतः बघितलंयस ना?

अबोली_साखळी
हो, तीन आठवडे ती रात्री दोन वाजता उठून त्याला पाणी पाजायची. हे पाठवू का?

"बंड्याबद्दल आईकडून कळलं. झोप लागेपर्यंत त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं म्हणे. सहीबद्दल तू लिहिलंस, मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तीन आठवडे रात्री दोनला उठून त्याला पाणी पाजणाऱ्या हातानेच ती सही झाली, एवढं मला माहीत आहे. गेटची कडी वाजली की तो माझ्या पिशवीत तोंड घालायचा, ते आठवतंय. शनिवारी सकाळी येते, पोळ्या आणि भाजी घेऊन. बोलायचं नसेल तर नुसती बसेन."

शुभदा_फोंडा
पाठव. एक शब्दही बदलू नकोस.

भाटकार६२
चांगलं झालंय. फक्त उद्याच जा, शनिवारपर्यंत थांबू नकोस.

रानमोगरा
नाही हो, उद्या शाळा आहे तिला. कामावरून थकून आल्यावर पाहुणे नकोत.

अबोली_साखळी
पाठवला. वाचलाय, उत्तर नाही अजून. आईने सांगितलं की त्याचा पट्टा आणि ताट दाराशीच आहे, "तू आलीस की उचलून ठेव" म्हणाली. उचलू का?

कुळागर
आईने सांगितलंय ना, मग उचल. डोळ्यांसमोर नको ते.

शुभदा_फोंडा
आईने सांगितलं असलं तरी मैत्रिणीला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. माझ्या ओळखीतल्या एका घरात चांगल्या हेतूने उचललेल्या पट्ट्यावरून दोन बहिणी महिनाभर बोलल्या नव्हत्या.