मदत हवी आहे : घराच्या डाउन पेमेंटसाठी दर आठवड्याला नेमकी किती रक्कम बाजूला काढावी?

वाटसरू_पुणे
चार वर्षांत १२ लाख रुपये जमवायचे आहेत. २०८ आठवड्यांनी भागल्यास ५,७७० रुपये येतात. परंतु दोनदा सुरुवात करूनही तिसऱ्या महिन्यातच गाडी अडली. वार्षिक, मासिक आणि साप्ताहिक टप्पे कसे पाडावेत, हे कृपया थेट सांगावे. ‘खर्च कमी करा’ हा सल्ला घरी रोज मिळतो.

अण्णा_हिशोबी
घराची किंमत किती, नवे की जुने, हाताशी काय आहे आणि पगार कसा येतो, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. १२ लाख हा आकडा आला कुठून?

वाटसरू_पुणे
हे उघडच आहे असे वाटले होते. पुण्यातील जुना, पुनर्विक्रीचा फ्लॅट, आजची किंमत ६० लाख, त्याचे २० टक्के म्हणजे १२ लाख. मुदत ठेवीत ४ लाख मोकळे आहेत. पगार १ तारखेला येतो आणि दिवाळीला साधारण ६० हजार बोनस मिळतो.

निवांत७१
बँक ९० टक्के कर्ज देते, मग ६ लाख पुरेत. उगाच जीव का आटवता? मला २०१६ मध्ये तसेच मिळाले होते.

अण्णा_हिशोबी
निवांत, आपले कर्ज तेव्हा ३० लाखांच्या आत असणार. ९० टक्क्यांची मर्यादा तेवढ्यापुरतीच आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्केच मिळतात, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी सहसा धरली जात नाही.

वाटसरू, खरी मेख तिथेच आहे. फ्लॅटची किंमत वर्षाला ५ टक्के वाढली, असे मी धरतो, तर चार वर्षांनी ती ७३ लाखांच्या आसपास जाईल. त्याचे २० टक्के १४.६ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क ५.१ लाख, नोंदणी ३० हजार आणि दलाली, सोसायटीचे हस्तांतरण वगैरे ५० हजार, असे साडेवीस लाख होतात. हातचे ४ लाख वजा केल्यावर साडेसोळा लाख जमवायचे उरतात. ठेवींवरचे व्याज यात धरू नये. ते अडीनडीला राहू द्यावे.

हे चार वर्षांवर सारखे वाटू नका, कारण पगार पुढे वाढेल. ३.३०, ३.९०, ४.४० आणि ४.९० लाख अशी चढण ठेवा. पहिल्या वर्षी बोनसचे ६० हजार वगळता महिन्याला २२,५०० येतात. त्यांपैकी १८,००० दोन तारखेलाच आवर्ती ठेवीत आपोआप जावेत. उरलेले ४,५०० मात्र आठवड्याच्या घरखर्चातून काढावेत. महिन्याच्या रकमेला चारने भागू नका, कारण वर्षात ५२ आठवडे असतात. ५४,००० भागिले ५२ म्हणजे दर रविवारी १,०४० रुपये. आपली गाडी अडली ती बहुधा सगळीच रक्कम आठवड्यावर टाकल्यामुळे.

मीनल_ठाणे
तपासणी दर तीन महिन्यांनी करा, पण समान चार भागांत नव्हे. एप्रिलमध्ये सुरुवात केल्यास जूनअखेर ६७,५००, सप्टेंबरअखेर १,३५,०००, बोनस आल्यावर डिसेंबरअखेर २,६२,५०० आणि मार्चअखेर ३,३०,००० असे टप्पे हवेत. मी सप्टेंबरमध्येच निम्मी रक्कम असायला हवी असे धरले आणि उगाच खचून गेले.

निवांत७१
हे सगळे कशासाठी? इक्विटी फंडात घाला, आठवड्याचा हिशोबच नको. शिवाय भाड्याने राहणे कधीही स्वस्त पडते.

अण्णा_हिशोबी
भाड्याचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. व्यवहाराची तारीख ठरलेली असताना बाजार त्याच वर्षी पडला, तर काय करायचे? फार तर पहिल्या दोन वर्षांतील थोडी रक्कम तिथे ठेवून शेवटच्या दीड वर्षात ती बाहेर काढावी. पण तो माझा कल आहे, नियम नव्हे.

तपासणीत एक गोष्ट जोडतो. लागोपाठ दोन वेळा एका हप्त्याहून अधिक तूट राहिली, तर पुढचा हप्ता फुगवू नका; घराची तारीख किंवा आकार बदला. आणि दर मार्चमध्ये त्याच भागातील फ्लॅटचा भाव पुन्हा पाहून साडेवीस लाखांचा आकडा दुरुस्त करा.

वाटसरू_पुणे
मुद्रांक शुल्क मी विसरलोच होतो. सर्व रक्कम चौथ्या वर्षाच्या अखेरीस लागेल ना?

मीनल_ठाणे
नाही. मुद्रांक शुल्क नोंदणीआधी भरावे लागते आणि बँक सहसा आपला वाटा दिल्याचा पुरावा पाहूनच पैसे सोडते, त्यामुळे शेवटच्या ठेवींची मुदत व्यवहाराच्या दोन-तीन महिने आधी संपेल असे पाहा. घर एकट्या पत्नीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ७३ हजार. संयुक्त नावावर ती मिळत नाही.

वाटसरू_पुणे
पत्नी नोकरी करत नाही आणि कर्ज माझ्या पगारावर आहे. बँक हे मान्य करेल का? कोणी असा व्यवहार केला असल्यास लिहावे. दरम्यान, येत्या रविवारचे १,०४० रुपये मी आजच वेगळ्या खात्यात टाकले आहेत.