बी विंग ग्रुप, रविवार रात्र: विशेष सभेनंतर

३०१ ताई: रात्रीचे साडेनऊ वाजलेत, माफ करा, पण बोलल्याशिवाय झोप लागणार नाही. सकाळी सभेत अप्पांना सगळ्यांसमोर ‘कारकुंडा’ म्हटलं गेलं. ‘कारकुंड्यासारखे पावत्या काय मोजत बसलात, सही करा.’ सव्वीस माणसं खुर्चीवर बसून होती. एकही बोललं नाही. मीसुद्धा नाही, म्हणून आता लिहितेय.

४०४ काका: गच्चीचं बिल मंजूर झालं का? ७ जूनला मृग लागतो.

७०३: ताई, मी वैयक्तिक काहीच बोललो नाही. दोन तास एका बिलावर गेले. वाईट वाटलं असेल तर सॉरी.

३०१ ताई: ‘असेल तर’ कशाला?

सेक्रेटरी: सर्व सन्माननीय सभासदांना विनंती, ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. 🙏

नाना ६०१: सेक्रेटरीसाहेब, हा सोसायटीचाच विषय आहे. ‘कारकून’ हा फारसी शब्द, अर्थ सरळ: काम करणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ म्हणजे लिहिणारा. ही सगळी लेखणीचीच माणसं. ती आडनावं आपण दारावर पितळेच्या पाटीवर लावतो आणि कारकून तेवढा हलका. मराठीत कुणालाही खाली ओढायचं तर शब्दाला शेपूट लावायची. कुणब्याचा कुणबट, कारकुनाचा कारकुंडा, भटाचा भटुर्डा. माणूस तोच, शेपटीनं त्याचा कचरा होतो.

२०२ मामी: नाना 👏👏 पुस्तक काढा.

४०४ काका: बिल?

नाना ६०१: महसूल खात्यात ‘अव्वल कारकून’ हे मानाचं पद होतं. आता त्याचं नाव ‘सहायक महसूल अधिकारी’ झालंय. टेबल तेच, फाइल तीच.

७०३: मग नाव बदललं याचाच अर्थ शब्द वाईट होता ना 😄 मी चुकलो कुठे?

नाना ६०१: शब्द वाईट नव्हता, आपण वाईट केला. तुमच्या कंपनीत हेच काम करणाऱ्याला काय म्हणतात?

७०३: ऑपरेशन्स.

५०१ वहिनी: 😂😂

अप्पा १०२: नमस्कार. माझ्यामुळे वाद नको. ३१ वर्षं तहसीलात काढली, यापेक्षा वाईट ऐकलं आहे. बिल का अडवलं ते मात्र लिहितो, सभेत पूर्ण बोलता आलं नाही.
ठेकेदाराने ४,२०० चौरस फूट लावले आहेत, दर ११० रुपये. आपली गच्ची ७३ बाय ५०, म्हणजे ३,६५०. फरक ५५० चा. हे ५५० आले कुठून म्हणून टेप लावली. गच्चीची चारही बाजूंची लांबी २४६ फूट. सव्वादोन फुटांनी गुणलं की साडेपाचशेच्या आसपास येतं. म्हणजे कठड्याची आतली बाजू सव्वादोन फूट उंचीपर्यंत धरली आहे. कोटेशनमध्ये ती नव्हती. तरी केली असती तर मी बोललो नसतो, कारण पाणी मुरतं ते गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यातूनच. पण वर जाऊन बघा, लेप कठड्याच्या पायाशी संपलाय. वर जुना रंग तसाच आहे.
५५० गुणिले ११० म्हणजे ६०,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८९०. एकूण ७१,३९०. आपण २८ फ्लॅट. प्रत्येकी जवळपास २,५५० रुपये.

५०१ वहिनी: बापरे. हे सभेत का नाही सांगितलं?

३०१ ताई: सांगत होते. तेव्हाच ‘कारकुंडा’ आलं.

४०४ काका: मग बिल मंजूर करू नये. पण काम पूर्ण व्हायला हवं. ७ जून.

७०३: ओके, हा मुद्दा बरोबर आहे. एक्सेलमध्ये पाठवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

अप्पा १०२: पाठवला होता. १२ तारखेला. वहीच्या पानाचा फोटो.

५०१ वहिनी: विषय निघालाच आहे तर माझंही घ्या. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये माझी सासू मोठ्यानं फोनवर बोलत होती, तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘घाटी लोक, बोलतात की भांडतात.’ नाव घेत नाही.

२०२ मामी: मीच म्हणाले, घ्या की नाव. त्यात काय एवढं? आम्ही कोकणातले, तुम्ही कऱ्हाडचे. घाटावरचा तो घाटी. शिवी थोडीच आहे!

५०१ वहिनी: मामी, शिवी नव्हती तर मागून का म्हणालात?

नाना ६०१: सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं घाट उतरून गिरण्यांत आणि गोदीत आली. कोकणातली बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली. दोघं गिरणगावात एकाच खोलीत पाळीनं झोपायची, एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची वळकटी. आणि मलबार हिलवाल्यांना दोघं सारखेच. घरगडी कोकणातला असला की त्याचं नाव काहीही असो, हाक ‘रामा’. माझ्या चुलत आजोबांचं नाव विठ्ठल. चाळीस वर्षं ‘रामा’ला ओ दिली.

२०२ मामी: हे माहीत नव्हतं नाना.

२०२ मामी: आता खरं सांगते. माझी भाची पणजीत नोकरीला आहे. भाड्याची खोली बघायला गेली तर मालकीण शेजारणीला म्हणाली, ‘घाटी आहे.’ आम्ही सावंतवाडीचे! घाटाखालचे! तिला केवढं लागलं. रडत फोन केला होता मला.

५०१ वहिनी: माझ्या सासूला फोन करायला तिकडे कुणी नव्हतं.

(बराच वेळ कुणी टाइप केलं नाही.)

ए विंग, अंडीवाली भाभी: नमस्कार, उद्या सकाळी गावठी अंडी येणार. १८० रुपये डझन. नावं द्या 🥚

७०३: १ डझन.

२०२ मामी: २ डझन.

सेक्रेटरी: १ डझन. (क्षमस्व, अवांतर.)

नाना ६०१: गावठी अंडं दुप्पट भावानं, गावठी कोथिंबीर नाकाला लावून. गावठी माणूस मात्र लिफ्टमध्ये नको 😄

२०२ मामी: बरं बाबा, चुकले. सासूबाईंना उद्या येऊन भेटते. पण अप्पांना बोलायला नको होतं हे खरं. एवढे शिकलेले, सरकारी नोकरीतले. ते काय वॉचमन आहेत असं बोलायला?

गेट: मामी, मी ग्रुपवर आहे. तुमची दुधाची पिशवी खालीच राहिली आहे. वर आणू का?

(हा संदेश डिलीट करण्यात आला.)

गेट: मामी, डिलीट केलं तरी वाचलं होतं. दूध आणतो.

३०१ ताई: 😶

२०२ मामी: नको, मी येते खाली.

सेक्रेटरी: रात्री दहानंतर कृपया संदेश नकोत.

४०४ काका: उद्या ठेकेदाराला बोलवा. कठडा करून द्या म्हणावं, मगच पैसे. ७ जून.

अप्पा १०२: बोलावला आहे, नऊला येतो. त्याआधी त्याच्यासमोर ठेवायला माप दोनदा घेतलेलं बरं. आठ वाजता गच्चीवर टेप घेऊन जातो. लांब टेपला दोन माणसं लागतात, एकानं टोक धरायचं. ७०३, येता का?

७०३: अप्पा, आठला कॉल आहे.

अप्पा १०२: मग साडेसातला या.