तापात येणारी आकडी : तिला ‘फेफरे’ म्हणावे का?

फोंडेकरीण : माझी मुलगी दोन वर्षांची, फ्लू झालाय. काल दुपारी ताप १०३ च्या वर गेला आणि ती एकदम ताठ झाली. डोळे वर फिरले, हातपाय झडू लागले, ओठ निळसर. दोनेक मिनिटांत थांबलं, मग झोपली. डॉक्टरांनी कागदावर ‘फेब्राइल सीझर’ लिहिलंय. सासूबाई म्हणतात, फेफरं. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शब्दवेडा : फेफरे, मिरगी, अपस्मार ही नावं ताप नसतानाही पुन्हा पुन्हा झटके येणाऱ्या आजाराची. ‘आकडी’ म्हणजे नुसतं जे दिसतं ते. म्हणून ‘तापातली आकडी’ म्हणावं.

सांगेचे काका : आकडी म्हणजे आंबे काढायची काठी! असो. कांदा हुंगवा आणि दातांत चमचा घाला, जीभ गिळली जात नाही. माझ्या भाच्याला रोज गोळ्या चालू आहेत, तुम्हीही सुरू करा.

नर्सताई : काका, चमचा अजिबात नको. जीभ कुणी गिळत नाही, उलट दात तुटून तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. बाळाला जमिनीवर कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ, उलटी बाहेर येते. हातपाय दाबून धरू नका, पूर्ण जागं होईपर्यंत तोंडात पाणी-औषध नको. आणि घड्याळ बघा, भीतीपोटी एक मिनिट दहा वाटतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. तुमच्या भाच्याचं दुखणं बहुधा वेगळं. तापातल्या साध्या आकडीला रोजच्या गोळ्या लागत नाहीत.

म्हापशाचा बाबा : ताप चढूच दिला नाही तर आकडी येणार नाही, साधा हिशोब.

नर्सताई : तसं दिसत नाही. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, म्हणून द्यावं, पण आकडी टळेलच असं नाही. कित्येकदा ताप चढतानाच आकडी येते, ताप नंतर कळतो. म्हणून आईने स्वतःला दोष देऊ नये. डोस मात्र वजनावर. १० किलोच्या बाळाला साधारण १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत १२५ असेल तर ६ मिली, २५० असेल तर फक्त ३. इथेच घोटाळा होतो.

फोंडेकरीण : मेंदूला काही होत नाही ना?

नर्सताई : सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत मेंदू तापाला असा उसळतो, मोठेपणी ते थांबतं. सगळ्या अंगाला आलेली, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली, दिवसात एकदाच, अशी आकडी मेंदूला इजा करत नाही. तीनातल्या एका मुलाला पुन्हा येते. पुढे अपस्मार शंभरात एखाद-दोघांना. पण एकाच बाजूला आली, त्याच दिवशी परत आली, मान ताठ वाटली किंवा तासाभरानेही बाळ नीट जागं होईना, तर थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. पहिल्यांदा आली की डॉक्टरांना दाखवायचंच, ते तुम्ही केलंत.

शब्दवेडा : बालवाडीच्या फॉर्मवर काय लिहाल?

फोंडेकरीण : ‘तापातली आकडी’ लिहिलं तर बाई आजार समजतील, ‘झटका’ लिहिलं तर हृदयाचा वाटेल.

म्हापशाचा बाबा : सरळ इंग्रजी नावच देवनागरीत लिहा, खाली कुशीवर वळवायचं तेवढं लिहा.

शब्दवेडा : मला पटत नाही, पण बाईंना कळलं पाहिजे हेही खरं.