ग्रुपसोबत बाहेर जाताना बिल कसं वाटून घ्यायचं?

कांजूरकर: ऑफिसातले आम्ही सहाजण महिन्यातून एकदा लोअर परळला जेवायला जातो. चौघं पितात, मी आणि अजून एक पीत नाही. शेवटी कोणीतरी म्हणतं, "सोड ना, सारखं वाटू." टेबलावर 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. माझी ऐपत आठशे-हजाराची आहे. काय करू?

चिंचपोकळीचा_दादा: आपल्या पोरांचं बरं होतं, टीटीएमएम म्हटलं की विषय संपला! मित्रच नीट निवड.

हिशोबी_काकू: मित्र बदलायची गरज नाही, वेळ बदल. टेबलावर बोलू नकोस. जागा ठरत असतानाच ग्रुपवर टाक: "जेवण सगळ्यांत सारखं, दारू पिणाऱ्यांत, चालेल ना?" तेव्हा कोणाच्या हातात ग्लास नसतो, सगळे 'हो' म्हणतात.

मग बसल्याबसल्या वेटरला सांग, जेवणाचं आणि दारूचं बिल वेगळं. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा कर लागतो, म्हणून बऱ्याच बारमध्ये ती बिलं तशीही वेगळी निघतात. समज, करासकट जेवण ४,४१० आणि दारू ५,७००. सारखं वाटलं तर प्रत्येकी १,६८५. वेगळं केलं तर तुझे ७३५ आणि पिणाऱ्यांचे २,१६०. ते ४७५ त्यांना जास्त पडतात, म्हणून कुरकुर होईल. म्हणूनच आधी विचारायचं.

वडापाव_बजेट: आणि सर्व्हिस चार्जवर बंदी आहे, देऊच नका.

हिशोबी_काकू: बंदी नाही रे, सक्ती करता येत नाही. २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं तसं म्हणणं आहे. काढायला सांगितलं की काढावा लागतो, पण पैसे देण्याआधी बिल वाचा.

कांजूरकर: हे जमेल. पण "एक घे ना, मी देतो" आलं तर?

रात्रपाळी: तो घेतलेला पेग पुढच्या वेळी तुझ्याच नावावर येतो! मी आधीच सांगतो, "माझं बजेट आठशे, आणि साडेअकराला उठणार." त्या आठशेत घरी जाण्याचे पैसेही धरतो. लोकल हुकली तर मध्यरात्रीनंतर टॅक्सी मीटरवर २५ टक्के जास्त घेते. लोअर परळहून कांजूरला तेव्हा जेवणाची बचत प्रवासातच जाते. आणि जागा आधी पाहा. नुसत्या स्टार्टरलाच सहाशे घेणारी जागा असेल तर आठशेचा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही, त्या दिवशी येत नाही म्हणावं.

कांजूरकर: आणि बर्थडे बॉयचा वाटा?

वडापाव_बजेट: तो पार्टी देतो ना?

हिशोबी_काकू: आमच्याकडे बाकीचे वाटून घेतात. पण त्याने काय मागवावं, यावर अजून भांडणं होतात.